पाच शेअरचे पुट एकाच वेळी तोट्यात का जातात?

प्रश्न: सोलापुरात चादरींचा धंदा आहे. बँक, आयटी, औषध, सिमेंट, वाहन अशा पाच वेगळ्या शेअरचे पुट विकले होते, तरी बाजार पडताच सगळे एकदम तोट्यात. असं का?

उत्तर: पुट विकणं म्हणजे शेअर कितीही पडला तरी तो ठरलेल्या भावाला घेण्याची हमी देणं. कंपन्या पाच असल्या तरी सौदा एकच होता: बाजार जोरात पडणार नाही. रोजच्या चढउतारात हे शेअर वेगवेगळे चालतात. घबराटीत मात्र मोठे फंड हाताला येईल ते विकतात आणि सगळे मिळून घसरतात. ४ जून २०२४ ला निफ्टी एका दिवसात सुमारे ६ टक्के पडला, तेव्हा हेच दिसलं.

समजा, प्रत्येक लॉट ५ लाखांचा, स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव ८ टक्के खाली आणि हमीबद्दल मिळालेला प्रीमियम प्रत्येकी ५,००० रुपये. शेअर एक रुपया हलला की पुट किती हलतो ते डेल्टा सांगतो. तो ०.२ धरला तर पाचही मिळून ५ लाखांचे शेअर घेतल्यासारखं झालं. शेअर १० टक्के पडले की डेल्टा ०.५५ च्या आसपास जातो आणि तोच बोजा १२ लाखांवर पोचतो, तोही पडत्या बाजारात. शिवाय व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउताराचा अंदाज, भडकल्याने एकेका पुटचा प्रीमियम २५,००० होऊ शकतो. म्हणजे पाचही मिळून कमाईची मर्यादा २५,००० आणि तोटा एक लाख. ब्रोकरकडे ठेवायचं मार्जिन वाढतं ते वेगळंच.

म्हणून विकतानाच त्याच शेअरचा आणखी खालच्या स्ट्राइकचा पुट विकत घ्या. नफा घटेल, पण तोट्याला तळ मिळेल. निफ्टीचा पुट स्वस्त पडतो, मात्र एकाच कंपनीची वाईट बातमी तो झाकत नाही. शेअर ऑप्शनमध्ये डिलिव्हरी सक्तीची आहे. पाचही अंगावर आले तर २३ लाख लागतील, तेवढी सोय आधी बघा.