अर्धवट आठवणारं गाणं शोधताना

गूगलवर शोधताना गाण्याची अख्खी ओळ अवतरणचिन्हांत टाकू नकोस. त्यात एक शब्द जरी चुकला तरी हाती काही लागत नाही. खात्रीचे तीन-चार शब्दच आत ठेव आणि मधला विसरलेला शब्द असेल तिथे `*` हा तारा टाक. समज, ‘चांदण्यात’ आणि ‘वाट तुझी’ पक्कं आठवतंय, मधलं नाही:

```
"चांदण्यात * वाट तुझी" गीत
```

‘गीत’ मुद्दाम बाहेर ठेवलंय, नाहीतर तेही ओळीतच शोधलं जाईल. काहीच आलं नाही तर आधी ‘चांदण्यात’चं ‘चांदण्यांत’ करून बघ. जुन्या छपाईतला तो अनुस्वार फार छळतो. तरीही नाही? मग रोमनमध्ये, `vaat` आणि `wat` दोन्ही. शेवटी अवतरणचिन्हंच काढ, कदाचित शब्दांचा क्रमच उलटा आठवत असेल.