जर्मन खरेदीची यादी: डेर, डी, डास आणि अनेकवचन

प्रश्न: २ किलो सफरचंदं, १० अंडी, टोमॅटो, २ बाटल्या दूध, हे जर्मनमध्ये लिहिताना लिंग आणि अनेकवचन कसं ठरवायचं?

मराठीवरून लिंग ठरवू नका, आपलं ते दूध तिकडे स्त्रीलिंगी, डी मिल्श, ते सफरचंद पुल्लिंगी, डेर आप्फेल. यादीत डेर, डी, डास हे आर्टिकल लागतच नाही, पण अनेकवचन लागतं आणि ते शब्दासोबतच पाठ करायचं: डेर आप्फेलचं एप्फेल (नुसता स्वर बदलतो), नपुंसकलिंगी अंडं डास आय, त्याचं आयर. टोमाटे मात्र सोपं, शेवटी ए असलेले बहुतेक शब्द स्त्रीलिंगी, न लावला की टोमाटेन. गंमत मापांची आहे, किलो, लिटर तसेच राहतात पण फ्लाशे म्हणजे बाटली स्त्रीलिंगी म्हणून बदलते, म्हणजे त्स्वाय किलो एप्फेल, त्सेन आयर, पण त्स्वाय फ्लाशेन मिल्श, आणि मिल्श एकवचनीच.