३० मार्चचं बिल, ३ एप्रिलला माल: खरेदी कोणत्या वर्षात?

प्रश्न: कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान आहे. अहमदाबादच्या पार्टीचं बिल ३० मार्च २०२५ चं, रक्कम २ लाख अधिक १८ टक्के आयजीएसटी ३६,००० रुपये. माल ३ एप्रिलला उतरला. खरेदी मार्चला टाकू की एप्रिलला?

उत्तर: बिलाची तारीख तूर्त बाजूला ठेवा आणि ऑर्डर काढून बघा. वाटेत ट्रक उलटला असता तर नुकसान कुणाचं, हे त्यात काय ठरलंय? पोहोच तुमच्या दुकानापर्यंत आणि तोवर जोखीम त्यांची असेल, तर खरेदी एप्रिलची. तसं काहीच ठरलेलं नसेल, तर मालविक्री कायद्यानुसार विक्रेत्याने ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात माल दिला की सर्वसाधारणपणे तो तुमचा होतो. मग बिल्टीची तारीख बघायची. ती ३१ मार्च किंवा आधीची असेल, तर खरेदी मार्चचीच.

पण मार्चला टाकलीत, तर खरी चूक पुढे होते. ३१ तारखेला तुम्ही दुकानातला माल मोजता, वाटेतला माल मोजणीत येत नाही. खरेदी २ लाखांनी वाढली, अखेरचा साठा तेवढाच राहिला, म्हणजे नफा फुकटचा २ लाखांनी कमी दिसला. पुढच्या वर्षी तोच जास्त दिसेल. म्हणून 'वाटेतला माल' असं खातं काढा आणि ते २ लाख अखेरच्या साठ्यात धरा. एका ओळखीच्या दुकानदाराचा ढोबळ नफा अचानक घसरलेला दिसला, तेव्हा दोन दिवस शोधून कारण हेच निघालं होतं.

जीएसटीचा नियम वेगळा आहे आणि इथे लोक घसरतात. माल कायद्याने तुमचा झाला असला, तरी सर्वसाधारणपणे तो हातात आल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही; अपवाद एक्स-वर्क्स कराराचा, जिथे विक्रेत्याच्या दारातच माल तुमच्या वतीने ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात जातो. विक्रेत्याने त्याचं रिटर्न वेळेत भरलं की हे बिल मार्चच्या GSTR-2B मध्ये दिसणारच. मार्चच्या GSTR-3B मध्ये ते आपोआप आलेले ३६,००० 4(B)(2) मध्ये उलटवा आणि एप्रिलच्या रिटर्नमध्ये 4(A)(5) ला परत घ्या. तीच रक्कम 4(D)(1) मध्येही दाखवा. वहीत तोवर ते ३६,००० 'क्रेडिट येणे बाकी' अशा वेगळ्या खात्यात राहू द्या, खरेदीच्या रकमेत मिसळू नका.

माल एप्रिलला आला म्हणून क्रेडिटची मुदत वर्षभराने पुढे जात नाही. ती बिलाच्या वर्षावरून मोजतात; २०२४-२५ चं बिल, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२५ किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरलं तो दिवस, यांतला आधीचा.

ई-वे बिलाची तारीखही बघून घ्या. टार्गेट पुरं करायला ३० मार्चला बिल फाडून माल स्वतःच्याच गोडाऊनमध्ये ठेवणारे विक्रेते कमी नाहीत. ई-वे बिल आणि बिल्टी दोन्ही २ एप्रिलची निघाली, तर ऑर्डरमध्ये काहीही असो, मी ती खरेदी एप्रिललाच टाकीन.