मजकुरावरचा ‘सांख्यिकीय ठसा’

प्रश्न : एआयनं लिहिलेल्या मजकुरावर ‘सांख्यिकीय ठसा’ राहतो असं वाचलं. हा ठसा नेमका कुठल्या शब्दात असतो? वाचताना ओळखू येतो का?

कुठल्याच एका शब्दात नसतो. तो शब्दांच्या निवडीत असतो आणि बरेच शब्द एकत्र मोजल्यावरच दिसतो.

‘रंकाळ्यावर संध्याकाळी गर्दी…’ इथवर मजकूर आला, की भाषेचं मॉडेल पुढच्या शब्दांची यादी मांडतं आणि प्रत्येकाला शक्यता देतं. समजा, ‘असते’ला शंभरात साठ, ‘होते’ला पंचवीस, ‘उसळते’ला पाच आणि ‘पांगते’ला जेमतेम एक. (आकडे समजुतीपुरते, शिवाय मॉडेल पूर्ण शब्दाऐवजी बहुतेकदा शब्दांच्या तुकड्यांवर चालतं.) मग या प्रमाणात सोडत निघते. बऱ्याचदा यादीचं शेपूट आधीच छाटलेलं असतं, त्यामुळे ‘पांगते’ सोडतीत नसतोच. माणूस मात्र ‘पांगते’ सहज लिहितो, कारण त्या दिवशी वळीव कोसळलेला असतो. त्याचा शब्द घडलेल्या गोष्टीतून येतो, यादीत तो कितवा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता मोजायचं कसं? तयार मजकूर मॉडेलपुढे ठेवायचा आणि प्रत्येक जागी विचारायचं, इथे आलेल्या शब्दाची शक्यता तुझ्या मते किती होती? समजा, दोनच शब्द आहेत, शक्यता १/२ आणि १/८. गुणाकार १/१६, त्याचं वर्गमूळ १/४. म्हणजे दर जागी सारख्याच शक्यतेचे चार पर्याय असावेत, तितका हा मजकूर अनपेक्षित. या चारला ‘पर्प्लेक्सिटी’ म्हणतात. पानभर मजकुरात हा आकडा सतत खाली राहिला, मध्ये कुठेच उसळला नाही, तर ठसा दिसला असं म्हणतात. २०१९ साली आलेलं GLTR हे साधन हेच रंगांनी दाखवतं : यादीतल्या पहिल्या दहातला शब्द हिरवा, शंभरातला पिवळा, हजारातला लाल, त्यापुढचा जांभळा. यंत्राचा मजकूर बहुतेक हिरवागार दिसतो.

पण इथेच घात होतो. ‘तांबडा-पांढरा’नंतर ‘रस्सा’ कोल्हापूरचा माणूसही लिहिणारच. ‘कोल्हापूर हे महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक शहर आहे’ असं निबंधात लिहिणाऱ्या मुलाचं सगळं वाक्य हिरवं येईल, कारण शाळेत त्याला तेच वळण लावलेलं असतं. चार-पाच ओळींवरून तर काहीच ठरत नाही. आणि यंत्राच्या मजकुरातले थोडे शब्द हातानं बदलले, तरी ठसा पुसट होतो. मराठीत आणखी एक अडचण आहे. मोजणाऱ्या मॉडेलनं मराठी कमी वाचलेली असेल, तर आपली साधी बोलीसुद्धा त्याला अनपेक्षित वाटते आणि आकडा उगाच चढतो. म्हणजे मराठीत हा आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेली आकड्याची मर्यादा मराठी मजकुराला लावून कुणावरही एआयकडून लिहून घेतल्याचा आरोप करू नये, असं माझं ठाम मत आहे.