चार ऑप्शन दिसले की सगळेच बरोबर वाटतात

"मॅडम, रिग्रेशनची सगळी सूत्रं पाठ आहेत, नोट्सही वाचून झाल्या, पण एमसीक्यूचे चार ऑप्शन समोर आले की चारही बरोबर वाटतात आणि मी नेमका चुकीचाच टिक करते. काहून होते असं?"

परीक्षा जवळ आली की धरमपेठच्या माझ्या खोलीत हे हमखास ऐकू येतं, बीएस्सीवाले, बीकॉमवाले, कधी बीएला मानसशास्त्र घेतलेली मुलंसुद्धा. मानसशास्त्राच्या एमएला आम्हालाही स्टॅटिस्टिक्स होतंच आणि मला ते आवडायचं, त्यामुळे असं कुणी आलं की मी फक्त भीतीबद्दल बोलत बसत नाही, सरळ पेपर काढायला लावते. माझं मत पक्कं आहे की "मला येत नाही" हा विचार तपासायचा तर तो चुकलेल्या प्रश्नातच तपासावा लागतो, नुसत्या धीराने तो जागचा हलत नाही.

उमरेडची एक मुलगी, नंदनवनला रूम करून राहणारी, बीएस्सी सेकंड इयर. आमची बरीच बोलणी झाली, त्यातली कामाची तेवढी सांगते. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "माझं डोकंच नाही स्टॅट्सचं." मी म्हटलं, बेटा, डोक्याचं नंतर बघू, चुकलेला एक प्रश्न दाखव. तिने दाखवला तो असा.

रिग्रेशनच्या दोन रेषा 9x + 10y = 170 आणि 5x + 2y = 66 आहेत, तर r किती? ऑप्शन: (अ) 0.6 (ब) -0.6 (क) 0.36 (ड) -0.36. तिने (क) टिक केलं होतं.

"का केलंस?"
"गुणाकार 0.36 आला, ऑप्शनमध्ये दिसला, टिक केला."
"म्हणजे गुणाकारापर्यंत बरोबर गेलीस?"
"हो... पण उत्तर तर चुकलं ना."

मी तिला म्हटलं, आता बाकीचे तीन ऑप्शन बघ आणि मला सांग, कोण कुठे घसरला असेल म्हणजे त्याचं हे उत्तर येईल. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग पेन घेऊन प्रत्येक ऑप्शनच्या बाजूला लिहायला लागली. 0.36 म्हणजे वर्गमूळ घ्यायचं राहिलं. 0.6 म्हणजे वर्गमूळ घेतलं पण चिन्ह विसरलं. -0.36 म्हणजे चिन्ह आठवलं, वर्गमूळ विसरलं. आणि मग एकदम मान वर करून म्हणाली, "मॅडम, म्हणजे हे ऑप्शन आमच्याच चुकांतून बनवलेत!"

मला या कामात सगळ्यात आवडणारा क्षण हाच. पेपर काढणारे सर मुलं कुठे चुकतात ते वर्षानुवर्षं बघत असतात, चुकीचा ऑप्शन ते हवेतून आणत नाहीत, म्हणून तर आपलं अर्धवट उत्तर तिथे छापलेलं सापडतं आणि छापलेलं दिसलं की मनाला वाटतं झालं. "चारही बरोबर वाटतात" याचं कारण एवढंच आहे. तिच्या पेपरात नऊ चुका होत्या, त्यातल्या सहा या दोनच जागी निघाल्या, वर्गमूळ नाहीतर चिन्ह. "डोकंच नाही" यापेक्षा हे फार वेगळं आहे, आणि हे मी तिला सांगितलं नाही, तिनेच मोजलं.

आता तो प्रश्न पूर्ण सोडवून दाखवते, कारण मुलं यात जिथे घाबरतात ती जागा वेगळीच आहे. कुठली रेषा y ची x वर आणि कुठली x ची y वर हे प्रश्नात दिलेलं नसतं. पहिली y ची x वर धरा: y = 17 - 0.9x, म्हणून b_yx = -0.9. दुसरी x ची y वर: x = 13.2 - 0.4y, म्हणून b_xy = -0.4. गुणाकार 0.36, वर्गमूळ 0.6, आणि दोन्ही गुणांक ऋण म्हणून r पण ऋण, -0.6. r चं चिन्ह नेहमी या दोघांसारखंच असतं.

उलटं धरलं असतं तर? b_yx = -2.5 आणि b_xy = -10/9, गुणाकार 2.78 च्या आसपास. गुणाकार म्हणजे r चा वर्ग, तो 1 च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे रेषा अदलाबदल झाल्या. आणि गंमत बघा, 2.78 म्हणजे 1 भागिले 0.36 च आहे. उलटं धरलं की गुणाकारही उलटा होतो, त्यामुळे पहिल्याच झटक्यात 1 पेक्षा कमी आला तर दुसरा प्रयत्न करायची गरजच नाही. सरासरी विचारली तर दोन्ही समीकरणं एकत्र सोडवा, x = 10, y = 8 येतं, कारण दोन्ही रेषा सरासरीच्या बिंदूतूनच जातात.

दुसरा प्रश्न मी तिला नागपूरच्या उन्हाळ्याचा घातला. 38 ते 46 अंश तापमानात कूलरला रोज किती लिटर पाणी लागतं याची रेषा y = -90 + 3x आली असं समजू (आकडे माझ्या मनचे). तापमान फॅरेनहाइटमध्ये मोजलं तर उतार किती? ऑप्शन 3, 5.4, 1.67, 33.67. तिने आधी ऑप्शन हाताने झाकले, हे मी तिला शिकवलेलं, आधी आपलं उत्तर कागदावर यायला हवं. मग म्हणाली, एक सेल्सियस अंश म्हणजे 1.8 फॅरेनहाइट, तर एका फॅरेनहाइट अंशाला 3 भागिले 1.8, म्हणजे 1.67. हात काढला आणि न सांगता बाकीच्यांचं पण बोलली: 5.4 वाला भागायच्या ऐवजी गुणून बसला, 33.67 वाल्याने 32 मिळवले, पण 32 ने नुसती सुरुवात सरकते, उतार नाही. आणि 3 वाला? "त्याला वाटलं r सारखंच हेही बदलत नाही." बरोबर, r तसाच राहतो, उतार एककावर अवलंबून असतो.

मी विचारलं, मग शून्य अंशाला -90 लिटर म्हणजे काय? "काहीच नाही मॅडम, माहिती तर 38 च्या पुढचीच आहे, थंडीत 10 अंशाला पण -60 येईल." हा तर हमखास येणारा प्रश्न आहे, रेषा माहितीच्या बाहेर ताणली की ती असलंच काहीतरी बोलते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी रिव्हिजन अशी करायला लावते, नवे शंभर प्रश्न नकोत, वीसच घ्या पण प्रत्येक चुकीच्या ऑप्शनशेजारी तो कुठल्या चुकीतून आला ते लिहा. वेळ जास्त जातो, पहिल्या दिवशी कंटाळा येतो, पण आपली घसरायची जागा कुठली ते स्वतःच्याच अक्षरात दिसतं. ज्याला सूत्रच माहीत नाही त्याला याचा उपयोग नाही, त्याने आधी धडा वाचावा. आणि काही ऑप्शनचा उगम सापडत नाही, तिथे अडकून बसू नका, कधीकधी तो नुसता भरतीला असतो.

परीक्षेच्या आधी ती शेवटचं आली तेव्हा स्वतः बनवलेला प्रश्न घेऊन आली होती. b_yx = 0.8, b_xy = 1.5, तर r किती? ऑप्शनमध्ये 1.2, 1.1, -1.1 आणि "ही माहितीच चुकीची आहे". रूममेटने 1.1 टिक केलं म्हणे.

"मग तू काय सांगितलंस तिला?"
"सांगितलं, आधी गुणाकार बघ, 1.2 आला, तिथेच थांब."