शंभरी 'भरली' म्हणू नका हो!

प्रश्न : "येत्या कार्तिकात आमच्या पणजीला शंभर वर्षं पूर्ण होतायत. जन्म १९२६ चा, सगळं आयुष्य पुण्यातच गेलंय. कार्यक्रमात मला टोस्ट म्हणायचाय, तिनं पाहिलेल्या बदलांवर. टोस्टला मराठी शब्द काय? आणि सुरुवात 'आज आमच्या पणजीची शंभरी भरली' अशी केली तर चालेल ना?"

टोस्टला अभीष्टचिंतन म्हणा. 'भी' दीर्घ. अभि अधिक इष्ट, दोन इकार एकत्र आले की दीर्घ होतो, हे शाळेतच शिकवतात. तरी लक्ष्मी रस्त्यापासून कोथरुडापर्यंत एकाही फ्लेक्सवर तो दीर्घ सापडेल तर शपथ. हातात पेला हवाच असेल तर पन्ह्याचा घ्या. बेकरीतला टोस्ट पणजीला चहात बुडवून द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, अजिबात चालणार नाही. शंभरी गाठली म्हणा, शंभरी पार केली म्हणा, शंभर पूर्ण झाली म्हणा. 'शंभरी भरली' हे माणसाच्या अंताबद्दल बोलायचं मराठी आहे. "त्याची शंभर वर्षं भरली" म्हणजे आता त्याची धडगत नाही. चोर पकडला गेला, सावकाराचं पितळ उघडं पडलं, की आपण हे म्हणतो. अलीकडे मात्र बातम्यांत धरण 'शंभरी भरतं', फलंदाज 'शंभरी भरतो', आणि ते ऐकून ऐकून तुमच्यासारखी चांगल्या घरची मुलं पणज्यांची शंभरी भरायला निघतात.

'जन्मशताब्दी'बद्दलही एक वाक्य सांगून टाकतो. शब्दार्थानं तो चुकीचा नाही, पण मराठीत जन्मशताब्दी होते ती गेलेल्या माणसाची. आमच्या नात्यातल्या एका आजींच्या समारंभाला दारावरच 'जन्मशताब्दी सोहळा' असा फलक लावला होता. आजींनी चष्मा पुसला, फलक वाचला आणि सुनेला विचारलं, "म्हणजे मी कधी गेले गं?"

आता 'शंभर' या शब्दाकडे येतो. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात मला रस वाटला तो याच्यासाठी.

आपण शंभर म्हणतो, पण पुढे दोनशे, तीनशे, नऊशे. 'दोन शंभर' कुणी म्हणत नाही. एकशेएक म्हणतो, आणि 'शंभरेक' म्हटलं तर अर्थच बदलतो : शंभरेक माणसं म्हणजे साधारण शंभर, दहा-वीस इकडेतिकडे. म्हणजे शेकड्याचा खरा शब्द 'शे', आणि 'शंभर' हा त्याचा कुणी वेगळाच भाऊबंद. तो नुसत्या एका शंभरापुरता आलाय आणि बेरीज सुरू झाली की बाजूला होतो. असं का?

माझं उत्तर असं : शंभर म्हणजे शें-भर. पोटभर, ओंजळभर, तासभर यांत जो 'भर' आहे तोच हा. आता मापं बघा. शेरभर दूध म्हणतो, पण पुढे दोन शेर, तीन शेर. 'दोन शेरभर' असं कुणी म्हणत नाही. शेरभर, दोन शेर, तीन शेर. शंभर, दोनशे, तीनशे. चाल हुबेहूब तीच. एक माप काठोकाठ भरलं की 'भर' लागतो, मापं मोजायला लागलो की गळून पडतो. पूर्वी 'शें' वर अनुस्वार देत असत, जुन्या पुस्तकांत 'पांचशें' असं छापलेलं दिसेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि हा दुवा डोळ्यांआड झाला. तोच अनुस्वार 'भ' समोर आला की 'म्' सारखा ऐकू येतो : शम्भर.

यावर आमच्या ओळखीतले एक निवृत्त संस्कृत प्राध्यापक दरवेळी मान हलवतात. त्यांच्या मते शंभर आला 'संभार'वरून, संभार म्हणजे साठा. दिसायला छान आहे. पण मग सुरुवातीला 'श' कुठून आला? प्राकृताच्या वाटेनं येताना संस्कृतातल्या 'श'चासुद्धा मराठीत 'स' होतो : शर्करेची साखर, श्वश्रूची सासू. 'श' उरतो किंवा परत येतो तो पुढे इ-ए असले तर : शिंग, शिकणे. शत शब्द प्राकृतात 'सय' झाला, आणि त्याचं शें होताना पुढे 'ए' आला म्हणून 'श' परतला. म्हणजे शंभरातला 'श' थेट शतातून उचललेला नाही, तो शें मधून आलाय. संभारात 'स'च्या पुढे ए नाही की इ नाही, तिथे 'श' व्हायला कारणच नाही. सासूचा 'श' गेला तो गेलाच ना? मग संभाराला कुठून मिळाला? सरांकडे याला उत्तर नाही, ते चहा मागवतात.

आता गंमत बघा. शंभरात 'भर' आधीच आहे. 'शंभरी भरली' म्हणजे भरलेलं पुन्हा भरणं. म्हणून ते कानाला जड लागतं, असं माझं मत. अर्थात नुसतं जड असतं तर चाललं असतं. ते अशुभ का झालं?

कीर्तनात शिशुपाल सांगतात. त्याच्या आईला कृष्णानं शब्द दिला होता, शंभर अपराध पोटात घालीन. शंभर झाले, सुदर्शन सुटलं. गोष्ट महाभारतातली आहे, छान आहे, पण वाक्प्रचार त्यातून निघाला हे मला पटत नाही. आपण "शंभर वर्षं भरली" म्हणतो, "शंभर अपराध भरले" असं म्हणत नाही. वर्षं हाच मूळ शब्द आहे. वैदिक प्रार्थनांत माणसाचं आयुष्य शंभराचं ठरलेलं होतं, 'जीवेम शरदः शतम्', आणि ईशोपनिषदही शंभर वर्षं कर्मं करत जगायची इच्छा धरायला सांगतं. म्हणजे शंभर हे माणसाला मिळालेलं माप. माप भरलं की उठायचं. 'दिवस भरले' याचंही तसंच : बाळंतपणाला आलेल्या बाईचेही दिवस भरतात आणि जाणाऱ्याचेही. घडा भरतो तोही याच कुळातला. शिशुपाल मागाहून येऊन बसला, कारण हिशेब त्याच्याकडेही शंभराचाच होता.

आता तुमचं भाषण. बदल म्हटले की लोक रेडिओ, टीव्ही, मोबाइल अशी यादी म्हणतात आणि ऐकणारे ताटाकडे बघायला लागतात. यादी नको. 'शंभर' हाच धागा धरा, कारण तुमच्या पणजीच्या आयुष्यात शंभर खरोखरच घरात शिरलेत. ती जन्मली तेव्हा रुपया शंभराचा नव्हता. सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे, आणि एका पैशात तीन पै. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. ती तेव्हा तिशीत होती, संसारात मुरलेली. चार आण्याचे बरोबर पंचवीस झाले, आठ आण्याचे पन्नास, पण एका आण्याचे सव्वासहा येतात आणि सव्वाचं नाणं नव्हतं. आण्याला सहा धरले की पाव पैसा कुणाचा, हा प्रश्न भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांच्यात पडला असणारच. तिला विचारा, भाजीवाली किती धरायची. हे पुस्तकात मिळणार नाही. 'नये' हा शब्द १९६४ मध्ये नाण्यावरून गेला, २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं, पण "सोळा आणे खरं" आणि "चार आण्याची अक्कल नाही" हे अजून चालतंय. बाजारातून गेलेलं नाणं बोलण्यात खपतं.

शेराचंही सांगा. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, त्यावर किलो आला. जुन्या बायका बराच काळ शेराच्या अंदाजानं किलो घेत, घरी आल्यावर डबा जरा जास्त भरे. 'शेरभर' आता माझ्या मुलीला माहीत नाही. ती किलोभरसुद्धा म्हणत नाही, "एक किलो" म्हणते. 'भर' मरतोय, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

वर्षांसाठी शब्द हवा असेल तर 'पावसाळे' वापरा. वर्ष म्हणजे मुळात पाऊसच, अब्द म्हणजे पाणी देणारा ढग, आणि "चार पावसाळे जास्त पाहिलेत" हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तुमच्या बाबतीत हिशेबही जमतो : जन्म कार्तिकातला, म्हणजे पहिला पावसाळा १९२७ चा, आणि २०२६ चा धरून बरोबर शंभर. (श्रावणातला जन्म असता तर आपण इथे तासभर भांडलो असतो.) त्या शंभरांतला एक नाव घेऊन सांगा, १९६१ चा. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, खालचं खडकवासलाही टिकलं नाही, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पुण्यातल्या जुन्या बायका तारीख सांगत नाहीत, "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतनंतर" असं सांगतात. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ते तिच्याकडूनच घ्या.

सुरुवात मी अशी केली असती : "पणजीबाई, तुम्ही जन्मलात तेव्हा रुपया चौसष्टाचा होता. तो शंभराचा झालेला तुम्ही पाहिलात, आणि आज तुम्ही स्वतः शंभराच्या झालात." घरात तिला 'अगं' म्हणत असाल तर 'अगं' च म्हणा, भाषणापुरतं 'अहो' करू नका, ती ओळखणार नाही.

आणि फ्लेक्स छापायला टाकण्याआधी 'भी' तपासा.