पेटीवरचा उजेड ब्रशनेच काढ

तुझ्या खजिन्याच्या पेटीच्या थ्रीडी मॉडेलवर रंगवलेलं लाकूड छान जमलंय, पण लोखंडी पट्ट्या राखाडी प्लास्टिकच्या वाटतात. इथे मेटॅलिक किंवा रफनेस मॅप नाही, म्हणून चकाकी रंगातच हवी: गडद निळसर पट्टी, वरच्या कडेला तुटक फिकट रेघ, लगेच खाली पुन्हा गडद. पट्टीखालच्या लाकडावर सावलीला काळा नको, जांभळट तपकिरी घे.

उजेड वरूनच येतोय असं धर आणि तळाकडे रंग हळूहळू गडद कर. उजेड बाजूने दाखवलास, तर मिरर केलेल्या यूव्हीमुळे पेटीच्या दोन अर्ध्यांवर तो विरुद्ध दिशांनी आलेला दिसतो. तपासताना ब्लेंडरच्या Solid मोडमध्ये Lighting ला Flat आणि Color ला Texture निवड. नाहीतर व्ह्यूपोर्टची छटा स्वतःचीच समजशील.